रूपी रूपी, सुपात काय?

इंग्रजीतली हंसीण मराठीत चालती करायची म्हणजे काय ताप असतो, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तिकडे ती ठुमकत चालते, आणि इकडे आणली की लंगडते. हर्षदाची हंसीण सबंध मे महिना लंगडत होती.

हर्षदा डहाणूच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. मूळची तलासरी तालुक्यातल्या झरीची, पण वडील झिपरू कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि ती दुसरीत असताना सगळं बिऱ्हाड डहाणूला आलं. झरी मागे पडली ती पडलीच. लग्नाला, मयताला जायचं, दुपारची जीप धरून परत यायचं, एवढंच. तर दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका बालपुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या वृंदाताईंनी तिला एक पुस्तक पाठवलं. 'ग्रेटा कान्ट वेट.' मराठीत करायचं, यमकांत करायचं, आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना आपलं वाटेल असं करायचं. मुखपृष्ठावर नाव येणार होतं. हर्षदाचं पहिलं पुस्तक! बाई दोन दिवस जमिनीवर नव्हती.

पुस्तकातली गोष्ट एवढीशी. ग्रेटा नावाची हंसीण. घरात वाढदिवस आहे, टेबलावर केक आहे, पण मेणबत्ती विझेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही असा नियम. ग्रेटाला दम कुठला! पानागणिक ती केकच्या जवळ सरकते, दर वेळी नवा बहाणा. शेवटी चोचीला क्रीम फासलेली सापडते, सगळे पोट धरून हसतात आणि तिला दाराबाहेर काढतात. आत पार्टी, बाहेर ग्रेटा. पुढल्या वर्षी थांबशील ना, ग्रेटा? संपलं.

परवानगी मोकळी होती. चित्रं नव्यानं काढून घेणार होते, त्यामुळे केकच्या जागी दुसरं काही चालणार होतं, हंसिणीच्या जागीही. मात्र पानं तेवढीच, गोष्टीचा क्रम तोच आणि शेवट तोच. शिवाय जे काही मराठीत होईल त्याचा ओळीला ओळ इंग्रजी अर्थ करून मूळ लेखिकेकडे पाठवायचा, तिनं मान हलवली तरच छपाई.

इंग्रजी ओळीत चार ठोके. दोन हलकी अक्षरं, मग एक जड, पुन्हा दोन हलकी, एक जड. घोडं दुडकतं तशी चाल. आपल्या मराठीत शब्दावर असा जोर कुठे येतो? आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब. म्हणून हर्षदानं अक्षरं मोजणं सोडलं आणि टाळ्या मोजायला लागली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोटं वाजवत तिनं पहिला खर्डा केला:

ग्रेटा नावाची हंसीण होती,
केकची वाट ती पाहत होती.

वृंदाताईंनी तो फोनवर परत वाचून दाखवला तेव्हा हर्षदालाच शरम वाटली. 'होती'ला 'होती' जोडायला हर्षदा कशाला हवी? हीच तर मराठीची गोम. आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला बसतं, आणि मग गेला-आला-खाल्ला-प्याला अशी फुकटची यमकं रांगेनं उभी राहतात. मुलाला पुढचा शब्द आधीच कळतो. गंमत खलास. टोकाला नाम आणावं तर वाक्य उलटंपालटं होतं आणि हंसीण एकदम जुन्या आख्यानातल्या नायिकेसारखी बोलायला लागते. त्यात पुन्हा पान उलटायची भानगड. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी यायला हवा आणि उत्तर पलीकडे, म्हणजे मूल पान उलटताना हसायला तयार असतं. उत्तर त्याच पानावर सांडलं की फुसकं.

ते सगळं एक वेळ जमलं असतं. पण केक! वृंदाताई म्हणाल्या, "पाड्यावरच्या मुलांना केक माहीत नसेल." हर्षदाला हसू आलं. तलासरी नाक्यावरच्या बेकरीतून गुलाबी केक पाड्यापाड्यांत जातो, त्यावर नाव लिहून. माहीत नसायला काय झालं? अडचण वेगळीच होती. केक आणला की पोरं कापतात आणि तोंडाला फासतात. थांबायचं असतं, थांबलं नाही तर मोठं काही बिघडतं, हे त्यात कुठे आहे? ग्रेटाची सगळी मजा त्या थांबण्यात होती.

आणि मग तिला नवं आठवलं. पहिला भात कापून, झोडून घरात आला तरी लगेच शिजत नाही. आधी नवं करायचं. कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, घरच्या देवांना, वाडवडलांना नव्या तांदळाचा घास दाखवायचा, मग माणसांनी जेवायचं. तोवर घरात नव्या तांदळाचा घमघमाट सुटलेला असतो, सूप भरलेलं असतं आणि पोरांनी नुसतं बघायचं. वा! केकपेक्षा शंभर पटीनं नेमकं. हर्षदानं एकटीनंच टाळी दिली.

हंसिणीची आधी तिनं कोंबडी केली. सुपावर कोंबडी, चित्रही झकास झालं असतं. आपल्या वर्गातल्या पोरांना वाचून दाखवलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, नव्याच्या दिवशी कोंबडी एवढी जवळ आली तर कापतीलच की तिला!" वर्ग हसला, पण भलत्या ठिकाणी. ग्रेटाला फक्त दाराबाहेर काढतात. इथे तर पोरांना रस्सा दिसायला लागला. बकरीचंही तेच. चिमणीला कुणी नियम लावत नाही. घरातलंच कुणी हवं, ज्याला नियम लागू आहे आणि ज्याचा जीव जाणार नाही. म्हणून तिनं हंसिणीची मुलगी केली.

मुलगी केली आणि ओट्यावरची बोटं आपोआप एका जुन्या ठेक्यात वाजायला लागली. तो ठेका तिनं शोधला नाही. तो तोंडातच होता. बाबा दाढी करताना म्हणायचे, तिला झोपाळ्यावर झोके देताना म्हणायचे:

सोमी सोमी, सुपात काय?
मूठ नव्याची खाऊन जाय!
देवाआधी जेवली कोण?
तिच्या पोटात उंदीर दोन!

आठ मात्रांची दुडकी चाल, शेवटी एक टाळीची जागा रिकामी. ओळीच्या टोकाला काय, जाय, कोण, दोन; एकही फुकटचं यमक नाही. प्रश्न आधी, उत्तर मागून, अगदी पान उलटायला बेतून केल्यासारखं. पाड्यावरच्या कुणा अडाणी टवाळानं कधीकाळी रचलं असेल, पण काय रचलं होतं!

आता खरं ते सांगायला हवं. सोमी कोण, हे हर्षदाला ठाऊक होतं. सोमी तिच्या बाबांची चुलत बहीण, म्हणजे तिची आतेच. लहानपणी तिनं नव्याआधी मूठभर तांदूळ खाल्ले म्हणून पाड्यानं तिच्यावर हे जोडलं, एवढं हर्षदाला कळत होतं. सोमीआते जिवंत आहे हेही ठाऊक होतं. सासरी, सायवनकडे कुठेतरी असते, असं ऐकून होती. क्षणभर हात थबकला होता तिचा. नाही असं नाही. पण दुसऱ्या क्षणी मनात काय आलं? 'कोण वाचणार आहे तिथे?' हे शब्द तिच्याच मनात, तिच्याच आवाजात आले. ज्या मुलांसाठी पुस्तक करत होती त्यांच्याच घरांबद्दल! मग तिनं सोमीचं रूपी केलं. 'रूपी रूपी, सुपात काय?' रूपी आणि सुपात, मूळच्यापेक्षाही गोड वाजलं, आणि त्या आनंदात बाकीचं विरून गेलं.

पुढची बारा कडवी आठवड्यात झाली. ठेका मिळाला की शब्द धावत येतात. शेवटच्या पानावर ग्रेटाला बाहेर काढतात, ते तिनं असं केलं:

दाराबाहेर सरली रात,
पुढल्या वर्षी शिजेल भात!

वृंदाताई फोनवर किंचाळल्याच. "अगं, हे भाषांतर वाटतच नाही!" इंग्रजी अर्थ लेखिकेकडे गेला. 'तिच्या पोटात दोन उंदीर आहेत' हे इंग्रजीत फार लाडिक दिसत होतं. लेखिकेनं लिहिलं की तिची ग्रेटा भारतात इतकी सुखात राहील असं तिला वाटलं नव्हतं. चित्रकार कामाला लागला. आता फक्त मुलांसमोर वाचून बघायचं राहिलं होतं, एक शाळा किनाऱ्याची, एक डोंगराकडची.

किनाऱ्याची शाळा नरपडची. तिथल्या कोळ्यांच्या पोरांनी विचारलं, नवं म्हणजे काय? हर्षदानं सांगितलं. एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे नारळ दिल्याशिवाय होडी काढत नाहीत तसं." आणि मग सगळी पोरं मजेत हसली. हर्षदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

डोंगराकडची शाळा तिनंच सुचवली. झरीची. आपल्या गावात, आपलं पुस्तक घेऊन. वृंदाताई पुण्याहून मुद्दाम आल्या, फोनवर चित्रण करायला. दिवाळी होऊन गेली होती, खळ्यांवर पेंढा पडला होता. तिसरी-चौथीची पोरं वर्गात मांडी ठोकून बसली आणि हर्षदा चित्रांचे मोठे कागद दाखवत वाचायला लागली.

"रूपी रूपी, सुपात काय?"

तिनं पान उलटायच्या आत शुक्री नावाची पुढे बसलेली मुलगी ओरडली, "मूठ नव्याची खाऊन जाय!"

वृंदाताईंनी फोन तिच्याकडे वळवला. "हिला कसं माहीत?"

"आमची आजी म्हणते," शुक्री म्हणाली. "पण त्यात सोमी आहे."

वर्गात हशा पिकला. ज्यांना येत नव्हतं त्यांनाही दोन मिनिटांत आलं. 'देवाआधी जेवली कोण' म्हटलं की चाळीस तळवे मांड्यांवर, आणि 'उंदीर दोन'ला दोन बोटं वर. असलं वाचन हर्षदानं आयुष्यात केलं नव्हतं. पोरं गुडघ्यांवर आली, कागदांवर लोंबकळली, 'परत! परत!' म्हणाली. तिनं परत वाचलं. तिसऱ्यांदा पोरांनीच म्हटलं, ती नुसते कागद फिरवत राहिली. मन म्हणत होतं, थांब, यात सोमी आहे म्हणाली ती, ऐकलंस ना? पण तोंड भरून हसू होतं आणि वृंदाताईंचा फोन चालू होता. ती नाही थांबली.

जेवणाची सुट्टी झाली. पोरं ताटल्या घेऊन ओसरीत रांगेनं बसली आणि ताटल्यांवरच ठेका धरला. रूपी रूपी, सुपात काय. कुणीतरी मध्येच रूपीचं सोमी केलं, ते वाऱ्यासारखं रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं. सोमी सोमी, सुपात काय!

खिचडीचं पातेलं घेऊन जी बाई बाहेर आली ती साठीची असेल. उंच, वाळकी, हातात लांब डाव. शुक्रीनं तिचा पदर ओढला. "सोमीआजी, आजी! बाईंच्या पुस्तकात तुझं गाणं आहे!"

हर्षदाच्या हातातली ताटली तशीच राहिली. तिनं या आतेला वीस-बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, पण कपाळ हुबेहूब बाबांचं होतं. सासरी असते ना ही? मग इथे? नंतर कळलं, नवरा गेल्यावर सोमीआते भावाच्या पाड्यावर परत आली होती आणि गेली चार वर्षं शाळेत खिचडी शिजवत होती. म्हणजे हर्षदा मघाशी वाचत होती तेव्हा भिंतीपलीकडे चूल होती आणि चुलीपाशी ती होती. तिन्ही वेळा.

सोमीआतेनं पदर सोडवून घेतला. एकेका ताटलीत डाव ओतत पुढे सरकत राहिली. पोरं तिच्याकडे बघून दोन बोटं नाचवत होती, लाडानंच. तीच तर त्यांना रोज जेवायला घालायची. ती हर्षदापर्यंत आली. "झिपरूची ना तू?" तिनं विचारलं.

"हो, आते."

"मोठी झालीस." तिनं खिचडी वाढली. "अजून घालू का?"

हर्षदानं मान हलवली, हो का नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. वृंदाताई बाजूला येऊन म्हणाल्या, "ओळखीच्या आहेत? किती छान! एक फोटो काढू?" जमीन दुभंगली असती तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते हर्षदाला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "नको. त्यांना आवडत नाही." हेही तिनं मनानंच ठोकून दिलं. आतेला काय आवडतं, काय नाही, हे तिला कुठे माहीत होतं?

पुढच्या रविवारी ती एकटीच झरीला गेली. जायचं मन होत नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट होतं. सोमीआते अंगणात तूर निवडत बसली होती. हर्षदानं वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, एकही तोंडातून फुटेना. शेवटी म्हणाली, "आते, ते पुस्तकातलं... ते मी केलं."

"माहीत आहे. तुझ्या बापानं शिकवलं असंल."

"बाबांना वाईट नव्हतं म्हणायचं."

"नाय. झिपरू भला माणूस. त्यालाही गोड लागायचं ते." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "सगळं म्हणून दाखव. त्या दिवशी चुलीचा आवाज होता, नीट ऐकू नाय आलं."

"नको ना, आते."

"म्हण की. शाळेत मोठ्यानं म्हणत होतीस."

आता नाही कसं म्हणणार? हर्षदानं म्हटलं. अख्खं. मान खाली घालून, ठेका न धरता. पण तो ठेका मेला न धरताही धरला जात होता. रूपी सुपाजवळ सरकते, बहाणे करते, रानात जाते म्हणते, मुंगी बघते म्हणते. एका बहाण्याला सोमीआते खरंच हसली. मग ते शेवटचं आलं. दाराबाहेर सरली रात, पुढल्या वर्षी शिजेल भात.

सोमीआतेचे हात थांबले. "ही रूपी," ती म्हणाली, "खाते का, ते नाय लिहिलंस."

"म्हणजे?"

"म्हणजे का खाते ती? खोडी म्हणून?"

"हो... म्हणजे मूळ गोष्टीत तसंच आहे. तिला धीर नसतो."

"मला भूक लागलेली, बाय," सोमीआते म्हणाली. "आई तापात. दोन दिस चूल नव्हती. दुसरं काय?"

अंगणात एक कोंबडी येऊन तूर टोचू लागली, ती सोमीआतेनं हातानं हाकलली. मग ती सांगत गेली, कुणा दुसरीचं सांगावं तसं. त्या वर्षी अवकाळी येऊन खळ्यावरचा भात भिजला. कुणामुळे? सोमीमुळे. लग्नात नवऱ्याकडच्या बायकांनी मांडवाच्या दारात हेच गाणं म्हटलं, सगळे हसले, तीही हसली. नवरी काय करणार? पण सासूनं मनात धरलं. पस्तीस वर्षं त्या घरात तिनं लावणी केली, कापणी केली, भात झोडला. नव्याच्या दिवशी मात्र सूप तिच्या हातात कधी दिलं नाही. तांदूळ दुसरी शिजवायची, ही अंगणात बसायची. सासू गेली, मग जावेनं तेच चालवलं. "इथे आले तर पोरांना फारसं ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या एकदोन उरल्यात, त्या घरात म्हणत असतील. पोरं सोमीआजी सोमीआजी करत होती. बरं चाललेलं."

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचीही तिला लाज वाटली. रडून काय मिळवणार होती? माफीच ना? "मी ते काढते, आते. पुस्तक तसं छापू देणार नाही. शब्द देते."

"काढ," सोमीआते म्हणाली. रागानं नाही, प्रेमानंही नाही. आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

काढायचं म्हणजे काय काढायचं? हर्षदानं आधी नाव बदललं. मग सूप काढलं, टोपली घातली. मग उंदीर काढले. छे! शब्द कुठलेही घाला, तो आठ मात्रांचा दुडका आला की झरीच्या पोरांच्या तोंडी सोमीच येणार. नाव ठेक्यात मुरलं होतं. म्हणजे ठेकाच सोडायला हवा, आणि ठेका सोडायचा तर बाराच्या बारा कडवी केरात. चित्रकाराची अर्धी चित्रंही. आणि नव्याचा सणसुद्धा. तो तर आधी.

वृंदाताईंना कारण सांगायला लागणार होतं. फोन लावण्याआधी तिनं ठरवलं होतं, खरं सांगायचं. माझी आते आहे, मला माहीत होतं, तरी केलं. तिकडून "बोल गं" आलं आणि हिच्या तोंडून निघालं, "ताई, नवं हा लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे. त्यावर विनोद केलेला गावात दुखावणारा ठरेल असं मला वाटतंय." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण खरंही काही नव्हतं.

 वृंदाताई म्हणाल्या, "हर्षदा, अगं, म्हणूनच तर तुझ्यासारखी तिथली माणसं हवीत. आम्हाला हे कळलंच नसतं." हर्षदानं 'हं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसरी गोष्ट तिनं चिकूवर केली. कच्चे चिकू पेंढ्यात घालून अढी लावलेली, आणि पुतळी नावाच्या मुलीला धीर नाही. रोज अढी उचकते. शेवटी कच्चाच चिकू खाते आणि चिकानं ओठ चिकटतात. इथे नियम कुणाचा नाही, शिक्षा करणारं कुणी नाही, जे करायचं ते चिकूच करतो. दाराबाहेर काढणं तेवढं कसंबसं ठेवलं. ओठ चिकटले म्हणून तीच बाहेर पळते, पाण्याला. ठेका सहाचा घेतला, झोपाळ्याचा, दुडका मुळीच नाही:

अढीत चिकू, पेंढ्यात चिकू,
धीर नाही गं, किती मी टिकू?

आणि शेवटी,

ओठाला ओठ चिकटले घट्ट,
पुतळीचा सगळा मोडला हट्ट!

वाईट नव्हतं. लेखिकेला पुन्हा इंग्रजी अर्थ गेला, तिनं पुन्हा मान हलवली. वृंदाताई म्हणाल्या, गोड आहे, आधीच्यासारखं चावत नाही, पण गोड आहे. दोन हजार अठराच्या हिवाळ्यात पुस्तक आलं. मुखपृष्ठावर नाव होतं. आतल्या पानावर संस्थेनं छापलं होतं: 'स्थानिक समाजाच्या भावना संवेदनशीलतेने जपल्याबद्दल हर्षदाताईंचे विशेष आभार.' तिनं ते वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवलं. शेजारणीनं बघायला मागितलं तर म्हणाली, अजून आलं नाही.

झरीच्या शाळेला प्रती द्यायला मात्र तिला जावंच लागलं. चित्रं चांगली होती, पोरांनी पुस्तकं हातात घेतली, वास घेतला, अढी-चिकू एकदा तिच्यामागून म्हटलं. ओठ चिकटतात तिथे हसलीही. मग सुट्टी झाली आणि ती सगळी पुस्तकं बाकांवर ठेवून अंगणात पळाली.

हर्षदा ओसरीत उभी राहून ऐकत होती. मुली समोरासमोर बसून हातावर हात मारत होत्या. त्यांत आता दुसरीच्या पोरीही होत्या, ज्या त्या दिवशी वर्गात नव्हत्याच. सोमी सोमी, सुपात काय? दोन वर्षांत त्याला पुढे आणखी कडवी जुळली होती. हर्षदाची. रूपीची. रानात जाणारी, मुंगी बघणारी, दाराबाहेर रात काढणारी. नावं तेवढी सगळीकडे सोमीचीच. म्हाताऱ्यांबरोबर संपत आलेल्या चार ओळी होत्या त्या. तिनं त्यांचं सबंध गाणं करून दिलं होतं.

ती पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेली. "हे नका म्हणू."

"का?" शुक्रीनं विचारलं. ती आता मोठी झाली होती, पाचवीत. "बाई, तुम्हीच तर शिकवलंत. हेच चांगलं होतं. चिकूवालं का केलंत मग?"

का ते सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. भूक, मांडव, पस्तीस वर्षांचं अंगण. ते सांगायचा हक्क तिला कुणी दिला होता? आणि न सांगता नुसतं 'नका म्हणू' म्हटलं की पोरं दुप्पट जोरानं म्हणणार.  तेवढ्यात खिचडीचं पातेलं घेऊन सोमीआते दारात आली. पोरी टाळ्या वाजवतच तिच्याभोवती धावल्या.

"आजी, बाई म्हणतात हे वाईट आहे! म्हणायचं नाही!"

सोमीआतेनं पातेलं खाली ठेवलं. हर्षदाकडे बघितलं, बरंच बघितलं. पाठ वाकली होती तिची या दोन वर्षांत.

"वाईट कुठे?" ती पोरींना म्हणाली. "फार चांगलं केलंय बाईनं. म्हणून तर जात नाय तोंडातून." आणि डाव पातेल्यात घालून तिनं पहिल्या ताटलीत खिचडी वाढली. पोरी पुन्हा म्हणायला लागल्या, पहिल्यापासून. हर्षदा मधेच जीपकडे निघू शकत नव्हती आणि ऐकूही शकत नव्हती. तिला आपले शब्द कळत होते, एकेक, आणि त्यातला एकही लंगडत नव्हता.